चेहऱ्यांचा रकाना

४ मार्च

प्रिय खारूताई,

घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून मी पत्र लिहितो, आणि पत्र दिसलं की तू त्यात आधी वाईट बातमी शोधणार. तेव्हा बातमी आधी सांगून टाकतो, ती चांगली आहे. तुझी आई सिनेमा बघणार आहे.

हसलीस ना? मीही हसलो, आणि त्यापायी त्या दिवशी चहा स्वतः करून प्यावा लागला. पण तूच सांग, रविवारी दुपारी आपण दोघं पडदे ओढून डिटेक्टिव्ह सिनेमा लावायचो तेव्हा ही बाई कधी शेवटपर्यंत बसली होती का? पहिला अर्धा तास झाला की एकतर तिला दवाखान्यातलं काहीतरी आठवायचं, नाहीतर सोफ्यावर डोळे मिटून पडायची. लोकांच्या दाढा उपटताना जिचा हात कापत नाही, तिला पडद्यावरचा एक खून शेवटापर्यंत बघवत नसे. आणि परवा जेवताना ती एकदम म्हणाली, "अहो, तुम्ही दोघं बघायचात ते सिनेमे मला दाखवा. सगळे."

मी विचारलं, आत्ताच काय झालं?

"ती कधी आलीच, तर मला तिच्याशी बोलायला काहीतरी हवं. दातांवर किती बोलणार?"

तुझ्या पदवीदानाला दोन वर्षं झाली, आणि त्या दिवसापासून तू घरी आली नाहीस. का आली नाहीस ते मला ठाऊक आहे. तुझ्यासाठी आणलेली फुलं तिने भर सभागृहात भलत्याच मुलीच्या हातात दिली, तिलाच मिठी मारली, आणि तू चार पावलांवर उभी असताना तुझ्याकडे बघून मान फिरवली. तुझ्या मैत्रिणी हसल्या. तू मला म्हणालीस, "आईला मी दिसतच नाही, बाबा. कधीच दिसले नाही." त्या दिवसाविषयी मी तिला विचारलं की ती भांडी घासायला उठते, अगदी घासलेलीसुद्धा. मग मी विचारणं सोडलं.

तर आता मी यादी करतोय. जन्मभर मी गणिताच्या पुस्तकांत उदाहरणं रचली, सोप्यापासून अवघडापर्यंत. या शहरातली निम्मी माणसं माझ्या उदाहरणांवर रडून मोठी झाली आहेत. माझा नियम एकच होता, नव्या उदाहरणात नवी अडचण एकच हवी. दोन घातल्या की मूल कुठे अडलं ते कळत नाही, ना त्याला ना मास्तरला. हाच नियम मी सिनेमांना लावलाय, आणि सांगायला हरकत नाही, यादी फर्मास झाली आहे. नावं आपली नेहमीचीच, तुझी-माझी.

पहिला 'घड्याळजी'. त्यात खून कोणी केला हे पहिल्या दहा मिनिटांतच दिसतं, म्हणजे ते सोडवून दाखवलेलं उदाहरण झालं. संशयित लक्षात ठेवायचे नाहीत, फक्त पोलीस अधिकारी त्याच्यापर्यंत कसा पोचतो ते बघायचं. माग म्हणजे काय आणि तो कसा वाचायचा, एवढंच त्यातून शिकायचं. दुसरा 'छत्री'. एक घर, एक खून, पाच माणसं, सगळं घडलं त्याच क्रमाने. आता खुनी आपण शोधायचा. तिसरा 'वॉर्ड', तीन संशयित आणि एकच जागा, म्हणजे जरा विसावा. चौथ्यात चकवा येतो, सगळे पुरावे एका निरपराध माणसाकडे बोट दाखवतात. पाचव्यात खून चुकून भलत्याचाच होतो. सहाव्यात डिटेक्टिव्हला कामावर ठेवणारी बाईच त्याच्याशी खोटं बोलते. सातव्यात काळ मागेपुढे होतो, आठव्यात डिटेक्टिव्हवरच आळ येतो. नववा 'जिना', ज्यात आपल्याला दाखवलेली आठवणच खोटी निघते. आणि दहावा अर्थातच 'मेलेला भाऊ', जो आपण तीनदा पाहिला.

ज्यांत शेवटी डिटेक्टिव्ह खिशातून कधीच न दाखवलेला कागद काढतो ते सगळे मी बाद केले. प्रेक्षकाला जे आधी दिसलेलं नाही त्यावर उत्तर बेतणं म्हणजे उदाहरणातली संख्या लपवून ठेवणं. आणि ज्याला उत्तरच नाही तो तू आणलेला सिनेमाही घेतलेला नाही, तुझ्या नाकावर टिच्चून.

येत्या रविवारी सुरुवात. वरच्या मजल्यावरचे न्यायाधीशही येणार म्हणतात. निवृत्त झाल्यापासून त्यांना निकाल द्यायला कोणी मिळत नाही.

तुझा,
बाबा


१९ मार्च

प्रिय खारूताई,

उत्तर आलं नाही. नको येऊ दे. मी लिहितोच आहे.

'घड्याळजी' उत्तम पार पडला. भागीदाराला मारून निघताना तो घड्याळजी सवयीने भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ लावतो ना, तिथे तुझी आई ताडकन उठून बसली. "अहो, हा अडकणार! हात राहवत नाही हो माणसाला. मीही लग्नाकार्यात लोकांचे दात बघते." मला इतका आनंद झाला की मी सिनेमा थांबवून तिच्याशी हात मिळवला. न्यायाधीश म्हणाले, अजून गुन्हा सिद्ध झालेला नाही.

'छत्री'ला मी आपली जुनी पद्धत ठेवली. डिटेक्टिव्हने सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात गोळा केलं की सिनेमा थांबवायचा, प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव आणि कारण लिहायचं, मग पुढे. नुसतं नाव चालणार नाही, रीत दाखवल्याशिवाय गुण नाहीत. तिने लिहिलं, 'उंच काका. पावसातून चालत आलो म्हणतो आणि छत्री कोरडी.' पैकीच्या पैकी! न्यायाधीशांनी स्वयंपाकिणीला दोषी धरलं होतं. ते प्रत्येक सिनेमात स्वयंपाकीणच धरणार असं दिसतंय, त्यांच्या घरी विचारायला हवं.

त्या संध्याकाळी मी कॉलर ताठ करून कोपऱ्यावरच्या दुकानात ब्रेड आणायला गेलो आणि दुकानदाराला विनाकारण सगळी गोष्ट सांगितली.

आणि मग 'वॉर्ड'. तिसरी पायरी, विसाव्याची. तीन परिचारिका, त्यांतल्या एकीने औषधाची बाटली बदललेली. आपण तो पाहिला तेव्हा तू दहा वर्षांची होतीस आणि मध्यंतराच्या आधीच ओळखलं होतंस. तुझी आई पंधराव्या मिनिटाला म्हणाली, "ही मघाचीच का?" मी म्हटलं, नाही, ती दुसरी. जरा वेळाने पुन्हा, "आणि ही?" मग तिने विचारणं बंद केलं. बघितलं तर डोळे मिटलेले, अगदी पूर्वीसारखे.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी सिनेमा थांबवला. "तुला बघायचाच नसेल तर तसं सांग. हा सगळ्यांत सोपा आहे."

ती डोळे न उघडता म्हणाली, "त्या तिघी आहेत होय? मला वाटलं एकच बाई आहे आणि ती फार कामसू आहे."

न्यायाधीश खो खो हसले. त्यांना वाटलं विनोद केला. मलाही तसंच वाटलं असतं, पण मी तिच्याकडे बघत होतो आणि ती हसत नव्हती.

उदाहरण सोडवता आलं नाही तर मूल ढ असं मी कधी मानलं नाही. माझी रीत अशी, की आधी उदाहरणाची जागा चुकली आहे का ते बघायचं. पण 'वॉर्ड' 'छत्री'पेक्षा अवघड कसा? माणसं कमी, जागा एक, वेळ एक. रात्रभर कागद पुढे घेऊन बसलो, काही केल्या जुळेना.

तुझा,
बाबा


६ एप्रिल

प्रिय खारूताई,

हे पत्र बसून वाच. वाईट नाही, पण बसून वाच.

मास्तर अडला की काय करतो? उडी मारून पुढचं उदाहरण देतो, खरं कुठे अडतंय ते बघायला. मी मधले सगळे सोडून एकदम नववा लावला, 'जिना'. न्यायाधीशांना बोलावलं नाही. मला वाटलं होतं, 'वॉर्ड' ज्याला झेपला नाही तो 'जिन्या'त पाच मिनिटांत गळणार. त्यात साक्षीदार बाई सांगते तसं आपल्याला पडद्यावर दिसतं, आणि डोळ्यांनी पाहिलं म्हणून आपण ते खरं धरतो. तू आणि मी दोघंही फसलो होतो, आठवतं? तू उशी फेकली होतीस.

चार माणसं आहेत त्यात. काठी घेऊन चालणारा जाडा सावकार, घोगऱ्या आवाजाची त्याची बहीण, शाळकरी नातू आणि ती साक्षीदार, जी एका पायाने किंचित लंगडते. तुझी आई एकदाही 'हा कोण' म्हणाली नाही. आणि ती खोटी आठवण सुरू झाली, सावकार जिना चढून वर जातो, तशी ती म्हणाली, "थांबवा. ही बाई खोटं बोलतेय."

मी म्हटलं, कशावरून?

"म्हाताऱ्याचा उजवा गुडघा वाकत नाही. सुरुवातीला खुर्चीत बसताना पाय पुढे काढून बसला. आणि आता धडाधड दोन्ही पाय वाकवून चढतोय. हे घडलेलं नाही, ही रचून सांगतेय."

अगं, तो पुरावा मी इतक्या वेळा बघूनही मला दिसला नव्हता! शेवटी डिटेक्टिव्हही गुडघ्याचंच कारण देतो, पण आपण त्याला वाहवा म्हणून मोकळे झालो होतो, मागे जाऊन पडताळून कोण बघतो? नवव्या पायरीवर पैकीच्या पैकी, आणि तिसरीवर भोपळा. याचा अर्थ यादी चुकली होती. मी अडचण मोजली होती ती संशयितांची, काळाची, खोटेपणाची. जी अडचण मला अडचण वाटतच नव्हती तिला मी रकानाच दिला नव्हता.

मी हळूच विचारलं, "त्या परिचारिका तुला वेगळ्या का दिसल्या नाहीत?"

ती बोटं मोजायला लागली. मग म्हणाली, "टोपीखाली केस झाकलेले, कपडे एक, चाल एकसारखी, बोलणं कुजबुजत. उरलं काय ओळखायला?"

"चेहरा," मी म्हटलं.

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी भलत्याच भाषेत बोललो. "चेहऱ्यावरून कसं ओळखायचं? सगळ्यांना दोन डोळे आणि एक नाकच असतं."

खारूताई, तुझी आई चेहरे ओळखत नाही. दिसतात तिला, डोळे चांगले आहेत, रागावलाय की हसतोय तेही कळतं. पण तो चेहरा कुणाचा हे तिच्या डोक्यात उमटत नाही. ती माणसं ओळखते ती आवाजावरून, चालीवरून, केसांवरून, आणि अर्थात दातांवरून. दवाखान्यात कार्डावर नाव असतं म्हणून भागतं, आणि तोंड उघडलं की तिला माणूस पटतो. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती मला स्टेशनवर घ्यायला यायची आणि मी जवळ जाईपर्यंत वर्तमानपत्र वाचत बसायची. मला वाटायचं, काय हा स्थितप्रज्ञपणा! ती मी येण्याची वाट बघत नव्हती, मी हाक मारण्याची वाट बघत होती.

आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी केस आणि कान कापून टाकलेले नुसत्या चेहऱ्यांचे फोटो तिच्यापुढे ठेवले. त्यांत मीही होतो, मी ते आधी देऊन ठेवले होते. मला तिने 'कुणीतरी बँकवाला' म्हटलं. डॉक्टर म्हणाले, हे जन्मापासूनच असणार, काही लोकांना असतं, औषध नाही, आणि बऱ्याच जणांना आयुष्यभर पत्ताच लागत नाही. तिलाही नव्हता. तिला वाटायचं सगळे असंच ओळखतात, फक्त इतरांची स्मरणशक्ती चांगली आणि आपली वाईट. आणि हुशार बाई लाजेपायी वाईट स्मरणशक्ती लपवायला काय काय करते ते आपण घरात बसून बघितलं आणि तिला माणूसघाणी म्हटलं.

परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "म्हणजे सिनेमे कंटाळवाणे नव्हते होय!" आणि इतकी हसली की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला.

तुझा,
बाबा (कुणीतरी बँकवाला)


२८ एप्रिल

प्रिय खारूताई,

तुझं कार्ड पोचलं. दोन वर्षांत पहिलं, आणि त्यावर एकच ओळ. 'आईला चांगलं कारण सापडलं, अभिनंदन.'

मी ते तिला दाखवलेलं नाही. तापट बाप आणि तापट लेक, यात आश्चर्य काही नाही, पण ही ओळ तुला शोभत नाही. तू पूल बांधतेस. पुलाला तडा गेला तर तू आधी कुणावर चिडतेस की तडा कुठून निघाला ते बघतेस? मग इथेही बघ. मी पुरावे मांडतो, निकाल तू दे. आपला नियम आठव, जे आधी दिसलेलं नाही त्यावर उत्तर बेतायचं नाही. हे सगळं तू पाहिलेलं आहे.

तुझ्या शाळेच्या दारात आई नेहमी फाटकापासून लांब उभी राहायची आणि तू धावत तिच्याकडे जायचीस. ती तुझ्याकडे कधी आली नाही. सगळ्या मुलींचा गणवेश एकच होता. वर्गाच्या फोटोत 'मी कुठे आहे सांग' म्हणालीस की ती 'तूच दाखव बघू' म्हणायची, आणि तू रुसायचीस. तुझी लांब वेणी ती रोज स्वतः घालायची, कॉलेजात गेल्यावरसुद्धा, आणि शेवटी हिरवी दोरीच गुंफायची. तुला दुसरा रंग हवा असायचा तर घरात महाभारत. आपल्याला वाटलं हा हट्ट आहे. अगं, ती खूण होती.

आणि पदवीदानाच्या आदल्या संध्याकाळी तू मैत्रिणींबरोबर जाऊन केस मानेपर्यंत कापून आलीस, त्यांच्याच वसतिगृहात राहिलीस, सांगितलं नाहीस, सकाळी आम्हाला चकित करायचं म्हणून. काय चूक होती त्यात? काहीच नाही. पण सभागृहात दोनशे मुली, सगळ्यांना काळा झगा, काळी टोपी, आणि लांब वेणी एकीलाच.

आता मी जे लिहितोय ते तिने मला गेल्या आठवड्यात सांगितलं, भांडी घासायला न उठता. त्या मुलीला मिठी मारली आणि खांदे हाताला लागले त्याच क्षणी तिला कळलं की ही तू नाहीस. तिने वर बघितलं. समोर काळ्या झग्यांची रांगच्या रांग, आणि त्यांतली एक तू. ती एकेकीकडे बघत गेली. तुझ्याकडेही बघितलं आणि पुढे बघितलं. तू ज्याला मान फिरवणं म्हणतेस ते हे. ती तुला शोधत होती, आणि कुणीतरी हाक मारेल म्हणून उभी होती. मी मागे फोटोवाल्याशी हुज्जत घालत होतो. हाक कुणीच मारली नाही.

एवढंच. मी रीत दाखवली आहे. गुण दे किंवा देऊ नकोस.

यादी मी नव्याने केली आहे. आता दोन रकाने आहेत, एक गुंत्याचा आणि एक चेहऱ्यांचा, आणि प्रत्येक पायरीला एकाच रकान्यात भर. सुरुवात अशा सिनेमांनी की माणसं अंगकाठीने आणि आवाजानेच वेगळी. मग एखादी बाई मधेच केस बदलते असा. मग सगळे पुरुष काळ्या कोटात आणि हॅटमध्ये. जुन्या कृष्णधवल सिनेमांत हे फार, रंग नाही म्हणजे केस आणि कपडे यांचा आधार गेला, त्यात निम्मा चेहरा सावलीत. ते मी बरेच वर सरकवले. जुने मूळ भाषेतलेच लावतो, कारण दुसऱ्याच्या आवाजात भाषांतर केलेल्यांत तीन माणसांना एकच गृहस्थ आवाज देतो आणि तिचा उरलासुरला धागाही तुटतो. गणवेशाचे सगळ्यांत शेवटी. 'वॉर्ड' तिसऱ्यावरून दहाव्यावर गेला. मी जन्मभर उदाहरणं रचली, पण इतकी चोख चढण माझ्या एकाही पुस्तकात नाही. छापायला हवी ही यादी.

तुझा,
बाबा


१७ मे

प्रिय खारूताई,

कार्ड नाही, फोनही नाही, पण टपालाने सिनेमाची एक तबकडी आली, पाठवणाऱ्याचं नाव नसलेली. 'मेलेला भाऊ', नवी साफ केलेली प्रत. आपली जुनी कुरकुरते हे जगात तिसऱ्या कुणाला ठाऊक नाही. तुझ्यासारख्या हुशार मुलीने खुनी म्हणून कधी काम करू नये, पहिल्याच दिवशी सापडशील.

मी तो यादीतून काढला होता, हे कबूल करतो. वेषांतराचा सिनेमा! ज्याने केस बदलले, दाढी लावली, चष्मा घातला, कपडे बदलले, त्याला ओळखायला उरतो तो चेहराच, आणि तोच तिच्याकडे नाही. मुद्दाम कशाला तोंडघशी पाडायचं, म्हटलं. पण तबकडी बघून ती म्हणाली, "हिने पाठवलाय तर हाच लावायचा. आणि वरच्यांनाही बोलवा."

न्यायाधीश आले, बिस्किटांचा पुडा घेऊन. पडदे ओढले. तुला सगळा पाठ आहे. थोरला भाऊ नदीत बुडतो, प्रेत सापडत नाही, पुढे धाकट्याचा खून होतो. मग मृत्युपत्र वाचायला म्हातारा वकील येतो, पांढरी दाढी, जाड चष्मा, पाठीत वाकलेला. वकील दारातून आत आला, टेबलापाशी गेला, खुर्ची ओढून बसला आणि एक वाक्य बोलला. एकच.

"हा थोरला आहे," तुझी आई म्हणाली.

न्यायाधीश म्हणाले, "वहिनी, तो तर बुडाला."

"बुडाला असेल. आता इथे बसलाय."

मी सिनेमा थांबवला. मी म्हटलं, रीत दाखव. आणि तिने दाखवली. बसण्याआधी तो डाव्या हाताची फक्त दोन बोटं खुर्चीच्या पाठीवर टेकवतो, पहिल्या जेवणाच्या दृश्यात थोरल्याने तसंच केलं होतं. वाकून चालतो, पण टाच म्हाताऱ्यासारखी फरफटत नाही. आणि 'स' म्हणताना बारीक शीळ वाजते. "वरच्या पुढच्या दोन दातांत फट आहे त्याच्या. दाढी लावली म्हणून फट बुजत नाही. तुम्ही सगळे दाढी-चष्म्यातच अडकता."

खारूताई, आपण तो सिनेमा तीनदा पाहिला. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा उत्तर माहीत असूनही तो वकील आपल्याला वकीलच दिसला. आपला डोळा चेहऱ्यावर जातो, चेहरा रंगवलेला असतो, आणि आपण तिथेच फसतो. तिचा डोळा तिथे थांबतच नाही. वेषांतर नावाची गोष्ट तिच्यासाठी नाहीच! सगळ्या जगाला फसवणारा सिनेमा तुझ्या आईने एका वाक्यात उघडा पाडला, आणि वर बिस्कीट खाल्लं.

न्यायाधीशांनी सिनेमा शेवटपर्यंत बघितला. मग उठून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही माझ्या कोर्टात साक्षीला हव्या होतात." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी लग्नाला इतकी वर्षं झालेला म्हातारा माणूस, पण त्या दिवशी मला रस्त्यातल्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं, ती पाहिलीत ना, ती माझी बायको. दुकानदाराला सांगितलंच.

यादीत आता 'मेलेला भाऊ' कुठे घालायचा हा प्रश्न आहे. तुझ्या-माझ्यासाठी दहावा, तिच्यासाठी पहिला. मी त्याच्यापुढे दोन आकडे लिहिले आहेत. असं मी कुठल्याही पुस्तकात केलेलं नाही.

तुझा,
बाबा


२ जून

प्रिय खारूताई,

तुझा निरोप मिळाला. पुलाच्या कामाला जाताना शनिवारी गाडी इथे बदलणार, मध्ये अडीच तास आहेत, घरी येईनच असं नाही, पण स्टेशनवर भेटू. भेटू. अडीच तासांत एक मध्यम अवघड सिनेमा बसतो एवढंच सांगून ठेवतो, आग्रह नाही.

तू विचारलंस की हिरवी दोरी बांधून येऊ का, म्हणजे तिला सोपं जाईल. मी ते वाचून दाखवलं. तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं आहे, आणि माझं पत्र ती बळकावते आहे. पुढचं अक्षर तिचं. डॉक्टरचं आहे, जपून वाच.

बाबा

*

बाळा,

दोरी नको. केस असतील तसे असू देत, फोटोत छान दिसतात म्हणे.

हात हलवू नकोस. मला सोपं करून देऊ नकोस. गर्दीतून नेहमीसारखी चालत ये. तू उजव्या खांद्यावर बॅग घेतेस आणि डावा हात जरा जास्त हलवतेस, लहानपणी माझं बोट धरून ओढायचीस तसा. यांनी मला इतके सिनेमे दाखवलेत, आता परीक्षा होऊन जाऊ दे. मी ओळखेन.

पण फलाट आहे, माणसं खूप असतात, आणि यंदा सगळ्या मुली एकसारख्याच बॅगा घेतात. मी भलतीकडे बघत राहिले, किंवा तुझ्याकडे बघून पुढे बघितलं, तर थांबू नकोस, परत फिरू नकोस.

हाक मार. 'आई' एवढंच म्हण.

आई